वाराला मीटरचा भाव

पुण्याच्या रविवार पेठेतली टेलरिंग मटेरियलची दुकानं बटणं, लेस, चेनचे रनर आणि हुक यांवर चालतात. यातला बराच माल चीनमधून येतो हे काही गुपित नाही. पूर्वी तो मुंबईच्या बड्या आयातदाराकडूनच उचलावा लागे. आता आयात-निर्यात कोड काढलेला छोटा दुकानदारसुद्धा चीनच्या झेजियांग प्रांतातल्या यिवू शहरातल्या पार्टीशी थेट सौदा करतो. यिवू म्हणजे बटणापासून खेळण्यापर्यंत सगळ्या किरकोळ वस्तूंची जगातली सर्वांत मोठी घाऊक पेठ. माल तिथून ट्रकने निंगबो बंदरात जातो आणि जहाजाने दोन-तीन आठवड्यांत न्हावा शेवाला लागतो.

सौदा ठरतो तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत. परफॉर्मा म्हणजे कच्चं बिल, तेही इंग्रजीत येतं. पण माल निघताना जे पक्कं बिल येतं ते पुष्कळदा कारखान्याच्या हिशेबनिसाने चिनीत छापलेलं असतं, आणि पार्टीची विक्री बघणारी मुलगी त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून देते. खाली एक ओळ: कृपया उरलेली रक्कम भरा. दुकानदार फोनमधल्या भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा त्या फोटोवर धरतो, चिनी अक्षरांच्या जागी इंग्रजी उमटतं, आणि पाठवायची रक्कम अपेक्षेपेक्षा दोन हजार युआनने जास्त दिसते.

इथून पुढे काय करायचं ते एका नमुन्याच्या बिलावरून पाहू. आकडे मी समजावण्यासाठी बांधले आहेत, चुका मात्र या धंद्यातल्या नेहमीच्याच आहेत.

परफॉर्मात तीन ओळी होत्या. चार भोकांची बटणं ५०० ग्रोस, दर ७.२० युआन, म्हणजे ३,६०० युआन. सुती लेस १२,००० मीटर, दर ०.८५, म्हणजे १०,२००. चेनचे रनर ८० किलो, दर ३६, म्हणजे २,८८०. बेरीज १६,६८०. माल पंधरा हजारांच्या वर गेला म्हणून पाच टक्के सूट, त्यामुळे एकूण १५,८४६. माल ‘एफओबी निंगबो’ ठरला होता. त्यातले ५,००० युआन बँकेमार्फत आगाऊ गेले. राहिले १०,८४६.

फोटोतल्या बिलाने मात्र १२,९५२.८२ मागितले आहेत.

अशा वेळी पहिला आवेग असतो तो लगेच ‘तुम्ही फसवताय’ असं लिहून टाकण्याचा. तो आवरावा, कारण या क्षणी दुकानदाराच्या हातात बिल नसून बिलाच्या फोटोचं भाषांतर आहे, आणि त्यात दोन प्रकारच्या चुका एकमेकींत मिसळलेल्या आहेत. काही चुका पार्टीच्या आहेत, काही कॅमेऱ्याच्या. कॅमेऱ्याच्या चुकीवरून पार्टीशी भांडलात तर तुमचा खरा मुद्दाही हलका होतो. समोरच्याला एक चुकीचा आरोप सापडला की बाकीचे तो वाचतही नाही.

नमुन्यातल्या बिलात बटणांच्या ओळीत फोन ‘५०० लुओ’ असं काहीतरी दाखवतो. एखाद्या माणसाचं आडनाव वाटावं असं. दुकानदाराला शंका येते की ग्रोसऐवजी पाचशे नगच लावले की काय. प्रत्यक्षात बटणांच्या धंद्यात चिनी लोक ग्रोससाठी हेच अक्षर वापरतात. एक लुओ म्हणजे १४४ नग. ओळ बरोबर आहे. सुटीच्या ओळीत कॅमेरा ‘९५ डिस्काउंट’ म्हणतो आणि वाचणाऱ्याला क्षणभर लॉटरी लागल्यासारखं वाटतं. चिनी पद्धतीत सूट सांगताना किती टक्के कमी केले ते न सांगता किती टक्के द्यायचे ते सांगतात. पंच्याण्णव म्हणजे पाच टक्के सूट. हीही ओळ बरोबर.

मग चूक शोधायची कशी? शब्द बाजूला ठेवा आणि आकडे हातात घ्या. चिनी बिलातही नग, दर आणि रक्कम हे तीन रकाने तसेच असतात आणि आकडे आपण वाचतो तेच असतात. प्रत्येक ओळीत नगाला दराने गुणा आणि रकमेशी ताडून पाहा. गुणाकार जुळला तर कॅमेऱ्याने आकडे नीट वाचले. नाही जुळला तर आधी फोटोवर संशय घ्या. या बिलात तिन्ही ओळींचे गुणाकार जुळतात. पण खाली एकूण रकमेवर कंपनीचा लाल गोल शिक्का बसला आहे आणि फोन ती रक्कम १२,०५२.८२ वाचतो. शिक्क्याची रेघ नेमकी नवावरून गेली आहे.

यावर उतारा बिलातच असतो. आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो तशी चिनी बिलावरही ती अक्षरांत लिहिलेली असते, आणि त्यासाठी मुद्दाम किचकट, जास्त रेघांची अक्षरं वापरतात, म्हणजे एकाचे दोन करता येऊ नयेत. एवढ्याच ओळीचा वेगळा, जवळून फोटो काढून भाषांतर केलं की ‘बारा हजार नऊशे बावन्न’ स्वच्छ मिळतं. एकूणच अख्ख्या बिलाचा एक फोटो घेण्याऐवजी चार-पाच पट्ट्या करून वाचणं चांगलं. पडद्यावर हलत्या चित्रात उमटणारं भाषांतर तर हिशेबाच्या कामाचं नाहीच, कारण हात हलला की रकाना सरकतो. स्थिर फोटो घ्यावा, त्यातली मूळ चिनी अक्षरं निवडून कॉपी करावीत आणि ती स्वतंत्रपणे भाषांतराला द्यावीत. पार्टीकडे त्याच बिलाची एक्सेल फाइल असतेच. ती मागायला लाजू नये.

आता खरी गोम. लेसच्या ओळीत परफॉर्मात १२,००० मीटर होते. बिलात आकडा आहे १३,१२३ आणि त्यापुढे फोन लिहितो ‘कोड’. दर ०.८५ तोच, रक्कम ११,१५४.५५. दुकानदाराला वाटतं की पार्टीने न मागता अकराशे मीटर लेस जास्त भरली आणि शेजारी मालाचा कोड टाकला. पण जिथे मोजमाप लिहायचं तिथे कोड कशाला येईल? चिनीत जे अक्षर कोडसाठी वापरतात तेच कापडाच्या धंद्यात वारासाठी वापरतात. १३,१२३ वार. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. गुणून पाहिलं तर १३,१२३ वारांचे जवळजवळ बरोबर १२,००० मीटर होतात.

म्हणजे लेस तेवढीच आहे, एक वीतही जास्त नाही. कारखान्याने माल वारात मोजला आणि दर मात्र मीटरचाच लावला. वाराचा दर ०.८५ गुणिले ०.९१४४, म्हणजे सुमारे ०.७७७ युआन हवा होता. या एका ओळीत ९५४.५५ युआन जास्त लागले. सूट धरली तर ९०६.८२. मला यात लबाडीपेक्षा गोंधळाची शक्यता जास्त वाटते. विकणाऱ्या मुलीने मीटरमध्ये सौदा केला, कारखान्याचं मशीन वारात मोजतं आणि बिल करणाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले नाहीत. आपल्या पेठेतही जुने लोक अजून वारातच बोलतात. पण गोंधळ असो की लबाडी, पैसे दुकानदाराचेच जातात.

दुसरी चूक लपलेली नाही. बिलाच्या तळाशी वाहतुकीचे १,२०० युआन वेगळे लावले आहेत, यिवू ते निंगबो. एफओबी निंगबो याचा अर्थच असा की निंगबोला माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. तो दरात धरलेला असतो. म्हणून हे बाराशे पूर्ण जायला हवेत.

९०६.८२ अधिक १,२०० म्हणजे २,१०६.८२. बिलातली मागणी आणि दुकानदाराचा हिशेब यांतला फरक पैशापर्यंत एवढाच आहे. ही रुजवात झाल्याशिवाय पत्राला हात घालू नये. फरकाचा शेवटचा पैसा कुठून आला ते सांगता येत असेल, तर तुम्ही बिल खरंच वाचलं आहे.

पत्र लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची की तिकडेही ते यंत्रातूनच वाचलं जाणार आहे. आपलं इंग्रजी तिच्या फोनमध्ये चिनी होईल. म्हणून लांब वाक्य, ‘तसं पाहिलं तर’ छापाची प्रस्तावना, टोमणा, म्हण यांतलं काही नको. एका वाक्यात एकच गोष्ट. पत्र टाइप करून पाठवावं, कागदावर लिहून त्याचा फोटो नको, नाहीतर आपण भोगलं तेच तिला भोगावं लागेल. आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत, आणि रक्कम लाखांत असेल तर आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊ नये. १,००,००० असं लिहिलेलं पाहून तिकडचा माणूस एखादं शून्य पडलं असं समजतो. पत्राचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

“मॅडम, तुमचं पक्कं बिल मिळालं. धन्यवाद. त्यातल्या दोन ठिकाणी दुरुस्ती हवी आहे. बाकी बिल मला मान्य आहे.

पहिली दुरुस्ती, ओळ २, लेस. परफॉर्मात १२,००० मीटर आहेत आणि दर मीटरला ०.८५ युआन आहे. बिलात १३,१२३ वार आहेत. ही लांबी १२,००० मीटरएवढीच आहे. पण बिलात वाराला ०.८५ दर लावला आहे. ०.८५ हा मीटरचा दर आहे. या ओळीची रक्कम ११,१५४.५५ ऐवजी १०,२०० युआन हवी.

दुसरी दुरुस्ती, वाहतूक १,२०० युआन. परफॉर्मात एफओबी निंगबो लिहिलं आहे. निंगबोपर्यंतची वाहतूक दरात धरलेली आहे. कृपया ही ओळ काढावी.

दुरुस्त हिशेब: मालाची रक्कम १६,६८०. पाच टक्के सूट वजा केल्यावर १५,८४६. आगाऊ दिलेले ५,००० वजा. बाकी १०,८४६ युआन.

कृपया दुरुस्त बिल नव्या क्रमांकाने पाठवा आणि त्यात जुन्या बिलाचा क्रमांक लिहा. बिलात मालाची पूर्ण किंमत, आगाऊ रक्कम आणि बाकी या तिन्ही गोष्टी दाखवा. बँकेचं खातं परफॉर्मात आहे तेच ठेवा. दुरुस्त बिल मिळालं की दोन कामाच्या दिवसांत १०,८४६ युआन पाठवतो. परफॉर्मा आणि बिलाचा फोटो सोबत जोडला आहे. वादाच्या दोन ओळींवर खूण केली आहे.”

पाठवण्याआधी पत्राचं चिनी भाषांतर करून ते परत इंग्रजीत उलटवून पाहावं. त्यात ‘वार’ पुन्हा ‘कोड’ झाला तर वाक्य बदलावं. आकडा आणि मोजमाप शेजारी शेजारी ठेवून ‘१ वार = ०.९१४४ मीटर’ अशी ओळ घातली की यंत्र सहसा चुकत नाही, आणि चुकलं तरी वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं.

या पत्रात काही गोष्टी मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. ‘नाहीतर ऑर्डर रद्द’ ही धमकी त्यांतली पहिली. आगाऊ रकमेसाठी चिनीत दोन शब्द आहेत, दोन्हींचा उच्चार ‘डिंगजिन’ असाच आणि फोन दोन्हींचं भाषांतर ‘डिपॉझिट’ असंच करतो. पण पहिलं अक्षर वेगळं असतं. त्यांतला एक शब्द बयाण्याचा आहे. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या चीनच्या नागरी संहितेनुसार हा बयाणा देणाऱ्याने सौदा मोडला तर तो परत मागता येत नाही, आणि घेणाऱ्याने मोडला तर त्याला दुप्पट द्यावा लागतो. एकूण रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंतच तो बयाणा म्हणून धरला जातो. दुसरा शब्द नुसत्या आगाऊ रकमेचा, ती परत मिळू शकते. आपल्या कागदावर कोणता शब्द आहे हे चिनी वाचणाऱ्याकडून तपासून घेईपर्यंत रद्द हा शब्द पत्रात आणूच नये. शिवाय दोन हजारांच्या वादासाठी सोळा हजारांचा सौदा मोडायला निघालेल्या माणसाला समोरचा गंभीरपणे घेत नाही.

‘कस्टम्ससाठी थोडं कमी रकमेचं बिल करून द्या’ हेही पत्रात नाही. बरेचदा पार्टी स्वतःहूनच हे सुचवते. मागितलेली दुरुस्ती कटकटीची वाटली की ‘दोन बिलं करू, एक तुम्हाला, एक कस्टम्सला’ असा निरोप येतो. भारताच्या १९६२च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४ नुसार शुल्काची किंमत ठरते ती मालासाठी प्रत्यक्ष दिलेल्या किंवा द्यायच्या दामावर. खोटं बिल लावलं तर माल अडकतो, दंड होतो, आणि नाव लावणारे आपण असल्यामुळे भोगायचंही आपल्यालाच.

पूर्ण किंमत, आगाऊ आणि बाकी वेगवेगळी दाखवायला सांगितलं आहे त्याचंही कारण आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये आयातीवर लक्ष ठेवणारी एक संगणकीय व्यवस्था सुरू केली. तिच्यात बँक परदेशी पाठवलेली प्रत्येक रक्कम आणि बंदरात भरलेलं बिल ऑफ एंट्री एकमेकांशी जुळवते. कारखान्याने नुसती १०,८४६ची बाकी दाखवून बिल दिलं तर आधी गेलेले ५,००० बँकेच्या नोंदीत लोंबकळत राहतात आणि काही महिन्यांनी बँकेची पत्रं सुरू होतात. आणि खातं परफॉर्मातलंच ठेवा, हे वाक्य ठगांसाठी. दुरुस्त बिलाच्या निमित्ताने कुणीतरी पार्टीचा ईमेल हॅक करून नवं खातं घुसडतं, हा प्रकार जगभर चालतो. दुरुस्त बिलावर खातं वेगळं दिसलं तर पैसे थांबवायचे आणि जुन्या, आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून आवाज ओळखूनच विचारायचं. ईमेलला ईमेलने उत्तर देऊन खात्री करण्यात काही अर्थ नाही, कारण उत्तर देणाराही तोच ठग असू शकतो.

वेळेचं गणित सगळ्यांत नाजूक. बाकी मिळेपर्यंत पार्टी मालाची मूळ कागदपत्रं सोडत नाही, आणि कागदपत्रांशिवाय न्हावा शेवाला माल सुटत नाही. जहाज निघालेलं असेल तर वाद जितका लांबेल तितकं बंदरातलं भाडं आपल्या अंगावर चढतं. बिल ऑफ एंट्री उशिरा भरलं तर दंड वेगळा. म्हणून बिलाचा फोटो आला त्याच दिवशी गुणाकार करावेत आणि पत्र दुसऱ्या दिवशी जावं. क्लिअरिंग एजंटलाही त्याच वेळी सांगून ठेवावं की बिल बदलणार आहे. माल सुटण्याआधी दुरुस्ती झाली तर नवं बिलच लावता येतं. माल सुटून गेला असेल तर पार्टीकडून क्रेडिट नोट घ्यावी लागते, आणि जादा भरलेलं शुल्क परत मिळवणं म्हणजे वेगळंच रामायण.

उत्तर साधारण दोन-तीन दिवसांत येतं. लेसबद्दल बहुधा लगेच माफी असते, कारण गुणाकारापुढे बोलायला जागा नसते. वाहतुकीवर मात्र घासाघीस होते: डिझेल महागलं, आमचा मालक रागावेल, सहाशे तुम्ही द्या सहाशे आम्ही देतो. इथे दुकानदाराने स्वतःचा हिशेब करावा. बंदरात माल चार दिवस जास्त पडून राहण्याचा खर्च सहाशे युआनपेक्षा जास्त होणार असेल, तर अर्धे देऊन ११,४४६वर मिटवण्यात कमीपणा नाही. हे सहाशे मात्र नव्या बिलात वाहतूक म्हणून दिसले पाहिजेत.

एका गोष्टीला मात्र ‘हो’ म्हणू नये. ‘यावेळी पूर्ण भरा, जादा रक्कम पुढच्या ऑर्डरमध्ये वळती करू’ हे पार्टीचं लाडकं उत्तर आहे आणि ते सोयीचंही वाटतं. पण मग या बिलावर कस्टम्सला जादा शुल्क जातं, आणि पुढचं बिल खऱ्या किमतीपेक्षा कमी येतं, त्याचा जाब कस्टम्स आणि बँक दोघेही तुम्हालाच विचारतात. या बिलातली चूक याच बिलात दुरुस्त करून मागा, आणि पुढची ऑर्डर देताना प्रत्येक दरापुढे मीटर, किलो की ग्रोस ते पार्टीकडून चिनीतही लिहून घ्या.